जेवणाचे टेबल, सागवानी, एक

मालकांचा फोन आला तेव्हा ती प्रयोगशाळेत पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावत होती. एका हातात रबरी मोजा, दुसरा हात उघडा आणि फोन कान-खांद्यात चेपलेला.

"रविवारी येतोच आहे कराराला," मालक म्हणाले. "फक्त या वेळी त्याला एक यादी जोडायची. फर्निचर, पंखे, नळ, जे जे माझं घरात आहे ते सगळं. खाली तुमची सही, माझी सही. यादी मी तयार केलीय, पाठवतो. एकदा नजर टाकून ठेवा."

"हो काका, चालेल की."

तिला खरं तर बरंच वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्याच्या घरात राहतोय आणि त्या घरात कोणाचं काय आहे याचा एक कागद नाही, हे तिला अधूनमधून टोचायचं. तिच्या कामात असं चालत नसे. बाटली आली की तिच्यासोबत चिठ्ठी: पाणी कुठलं, कोणी भरलं, सील शाबूत आहे का. चिठ्ठीवर एक आणि बाटलीत दुसरं असेल तर नमुना परत. बाटली हातात घेतल्याशिवाय ती कुठेच सही करत नसे, आणि त्यावरून तिथले लोक तिची भरपूर थट्टा करत. "मॅडम, चहा आलाय. सील तपासून घ्या."

संध्याकाळी घरी आल्यावर तिने पर्स ठेवली, मालकांनी पाठवलेली यादी वहीच्या पानावर उतरवली आणि पेन घेऊन खोल्या फिरू लागली. नवरा सोफ्यावर पाय पसरून बसला होता. सासूबाई त्यांच्या खुर्चीत मटार सोलत होत्या.

"आली सुट्टीवरची इन्स्पेक्टर," नवरा म्हणाला. "अगं, बस जरा. पंखे कुठे पळून जाणारेत?"

"पंखे चार. बरोबर. पडद्यांचे रॉड पाच. आपल्याकडे पाच आहेत का?"

"मला काय माहीत? मी मोजून झोपतो का?"

पाच होते. बेडरूममधलं कपाट होतं, त्याची एक किल्ली होती, दुसरी नव्हती. गीझर एक, असं लिहिलं होतं. तो होता, पण मालकांचा नव्हता. त्यांचा गळायला लागला तेव्हा त्यांनीच फोनवर सांगितलं होतं की टाकून द्या, तुम्हाला हवा तो बसवा, जाताना घेऊन जा. ते सांगितल्याचा मेसेज तिच्याकडे होता. तिने गीझरपुढे बारीक अक्षरात 'भाडेकरूचा' असं लिहिलं. मोऱ्यांच्या जाळ्या, एक्झॉस्ट फॅन, आरसा. सगळं जिथल्या तिथे. मालकांची स्मरणशक्ती चांगली होती म्हणायची.

मग ती हॉलच्या ओळींवर आली. 'जेवणाचे टेबल, सागवानी, एक. खुर्च्या त्याच लाकडाच्या, सहा.'

खुर्च्या होत्या. दोन माळ्यावर, चार खाली. खालच्या चार जेवायला नव्हत्याच. त्या भिंतीला पाठ लावून ओळीने मांडलेल्या होत्या, सासूबाईंच्या खोलीच्या दारापासून थेट बाथरूमच्या दारापर्यंत. सासूबाईंना काचबिंदू होता. समोरचं दिसे, पण नळीतून पाहावं तेवढंच. समोरच्याच्या चेहऱ्यावरचा तीळ त्या ओळखत आणि मांडीजवळची स्टुलाची कड त्यांना दिसत नसे. म्हणून त्या खुर्च्यांच्या पाठीवर तळहात टेकत टेकत जात. एक खुर्ची, दुसरी, तिसरी, चौथी, आणि मग दाराची चौकट. हा रस्ता हाताला पक्का बसायला त्यांना जवळजवळ वर्ष लागलं होतं.

टेबल मात्र नव्हतं. टेबल खाली तळमजल्यावर टेलरकाकूंच्या खोलीत होतं आणि त्यावर कापड कापलं जात होतं.

ते काही चोरून दिलेलं नव्हतं. हॉलच्या मधोमध ठाण मांडून बसलेल्या त्या टेबलाचा कोपरा सासूबाईंच्या कमरेला रोज लागायचा. एकदा तर इतका मोठा निळा डाग पडला की डॉक्टरांनी विचारलं, पडलात का? दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून ते खाली नेलं. टेलरकाकू तेव्हा जमिनीवर चादर पसरून कापड कापत आणि उठताना गुडघ्यांना शिव्या देत. सगळ्यांचंच भलं झालं होतं.

"अरे," ती म्हणाली, "टेबलाचं काका काय म्हणाले होते तेव्हा?"

"कधी?"

"आपण खाली दिलं तेव्हा. तू विचारलं होतंस ना त्यांना?"

नवऱ्याने पाय खाली घेतले. "मी? तू विचारणार होतीस. गीझरचं तूच बोललीस ना त्यांच्याशी, तर मला वाटलं टेबलाचंही..."

"गीझर नंतर गेला. टेबल आधी. टेबलाचं तू म्हणालास, मी बघतो."

"मी बघतो म्हणालो ते उचलायला माणूस बघतो म्हणालो."

सासूबाईंच्या हातातला मटार टपकन ताटात पडला.

"म्हणजे कोणीच विचारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "छान. दोघंही शिकलेले."

शुक्रवारी तिचं कामात लक्ष नव्हतं. दोनदा तिने मालकांचा नंबर काढला आणि दोनदा फोन पालथा ठेवला. नवऱ्याने सकाळी निघताना बजावलं होतं, "फोनवर सांगू नकोस हां. एजंट काय म्हणाला माहितीये ना? वरच्या मजल्यावरच्या माणसाचा भाचा याच घरासाठी थांबलाय, भाडंही जास्त द्यायला तयार आहे. तू फोन केलास की मालक रविवारी यायचेच नाहीत. त्याला बोलावतील."

"आणि इथे येऊन बघितल्यावर काय, हार घालतील?"

"तोपर्यंत टेबल वर आलेलं असेल. मी बघतो."

हे 'मी बघतो' तिने आधीही ऐकलं होतं.

घर गेलं तर काय, याचा विचार तिने बसमध्ये करून पाहिला. त्यांना दोघांना काही नाही. दुसरं घर मिळेल, थोडं लांब, थोडं महाग. पण सासूबाईंना नव्या घरात सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल: दार कुठे, उंबरा किती, नळ कोणत्या बाजूला फिरतो. मागचं घर सोडून इथे आल्यावर पहिले कितीतरी महिने त्या खोलीतून बाहेर येतच नव्हत्या. बाथरूमला जायचं असलं तरी बोलवायच्या, आणि बोलवायला लाज वाटते म्हणून पाणी कमी प्यायच्या. ते कळल्यावर तीच एक दिवस सुट्टी घेऊन खुर्च्या हलवत बसली होती. थोडं इकडे, थोडं तिकडे, डोळे मिटून स्वतः चालून बघ, पुन्हा हलव. आता नजर तेव्हापेक्षाही अरुंद झाली होती. दुसऱ्यांदा ते जमेल की नाही, डॉक्टरही सांगत नव्हते.

घरी न जाता ती आधी टेलरकाकूंकडे वळली. नवरा तिथे होताच, हाताची घडी घालून, तोंड पाडून.

टेबल ओळखू येत होतं आणि येत नव्हतंही. वर जाड कापड ताणून खिळे मारले होते, कडेला धातूची पट्टी बसवली होती, आणि एका बाजूला रुंदी कमी होती.

"कापलंय," नवरा तिला म्हणाला, जसं काही तिच्यामुळेच.

"मग काय करू?" टेलरकाकूंनी तोंडातल्या टाचण्या काढून उशीला खोचल्या. "दार उघडत नव्हतं पूर्ण. गिऱ्हाईक आत यायचं तर आडवं होऊन. तुम्ही म्हणालात ठेवा, तुमचंच समजा. मी समजले."

"बरोबर आहे काकू तुमचं," ती म्हणाली.

"दोन दिवसांसाठी वर नेऊ," नवरा म्हणाला. "सोमवारी सकाळी परत आणून देतो. कापलेली बाजू भिंतीला लावू, वर चादर टाकू."

टेलरकाकूंनी टेबलावरच्या ढिगाकडे हात केला. शाळेचे गणवेश होते, खडूने आखलेले, एकावर एक. "हे सोमवारी द्यायचेत. नेता तर न्या बापडे. मग मुलांना शाळेत तुम्ही नेसवा चादरी."

नवरा हसला नाही. ती हसली, आणि हसल्यावर तिला अजूनच अस्वस्थ वाटलं.

जिना चढताना तो म्हणाला, "सही करून टाक ना. एक टेबल लिहिलंय, लिहू दे. मालक काय टेबलाखाली वाकून बघणार आहेत?"

"टेबलच नाही. वाकतील कशाखाली?"

"तू ना..." तो दोन पायऱ्या चढून थांबला. "आईला पुन्हा हलवायचं नाही मला. एवढंच."

"मलाही नाही."

"मग जरा वाकड्या वाटेने चाल ना कधीतरी."

शनिवारी दुपारी ती बाजारातून आली तर हॉलच्या मधोमध टेबल होतं. गडद तपकिरी पॉलिश, चमकणारं, चार बारीक पाय. नवरा शर्टाच्या बाहीने त्यावरचे बोटांचे ठसे पुसत होता.

"जुन्या सामानाच्या दुकानातून," तो म्हणाला. "भाड्याने. दोन दिवस. दुकानदार म्हणाला, हुबेहूब सागवान."

तिने कडेवर नखाने टकटक केलं. आवाज पोकळ आला. कोपऱ्यात वरचा कागद सुटून उभा राहिला होता.

"हे सागवान असेल तर मी शास्त्रज्ञ," ती म्हणाली.

"मालक लाकूडतोडे नाहीत."

"अरे, प्रश्न मालकांना कळेल का हा नाहीये. खाली मी सही करणार. आज त्यांना नाही कळलं तर आपण घर सोडू तेव्हा कळेल. तेव्हा ते म्हणतील सागवानी टेबल नेलं आणि हे ठेवलं. आणि कागद त्यांच्या बाजूने बोलेल, माझ्या सहीने. आत्ता न विचारता दिलं, ती चूक आहे. ही सही केली की ती चोरी होईल."

"मोठे शब्द वापरू नकोस."

"मग छोटा सांग."

त्याला छोटा सापडेपर्यंत आतून सासूबाईंच्या खोलीचं दार उघडलं. दोघांनाही त्यांच्याकडे आधी लक्ष द्यायला हवं होतं, पण दोघंही एकमेकांवर डोळे रोखून उभे होते. सासूबाईंना हॉलमधला आवाज ऐकून मधे पडायचं होतं, म्हणून त्या खुर्च्यांच्या वाटेने न जाता सरळ आवाजाच्या दिशेने आल्या. टेबलाचा कोपरा त्यांच्या कमरेच्या जुन्याच जागी बसला. त्या कळवळल्या नाहीत. नुसत्या थांबल्या, आणि दोन्ही हात पुढे करून कड चाचपली. मग पुढे, मग कोपरा, मग पाय.

"हे आपलं नाही," त्या म्हणाल्या. "त्याला इथे खाली पट्टी होती. मी पाय ठेवायची."

नवऱ्याने त्यांना धरून खुर्चीत बसवलं. त्या कमरेवर हात दाबून बसल्या आणि नळीतून बघावं तसं मुलाकडे रोखून बघितलं.

"माझ्यासाठी करतोयस ना हे?"

"आई, तू..."

"मग माझ्या वाटेतून काढ आधी."

पण टेबल परत न्यायला कोणी नव्हतं. दुकानदाराचा माणूस सोमवारीच येणार होता. दोघांनी ते ओढत जिन्याच्या वळणावर नेऊन उभं केलं, आणि त्याचा एक पाय हातात आला.

संध्याकाळभर ती स्वयंपाकघरात उभी राहून नवी यादी लिहीत होती. बसवतच नव्हतं. कागद ओट्यावर, शेजारी मालकांची यादी. वस्तू, संख्या, खोली, आणि एक जास्तीचा रकाना: स्थिती. कपाट, एक किल्ली, दुसरी आल्यापासून नाही. आरसा, खालच्या कोपऱ्यात तडा, जुना. प्रत्येक वस्तूचा तिने फोटो काढला. टेबलाच्या ओळीवर येऊन ती थांबली, स्वयंपाकघराला दोन चकरा मारल्या, ओली भांडी पुन्हा पुसली, आणि मग लिहिलं: 'घरात नाही. तळमजल्यावर टेलरकाकूंकडे. आम्ही न विचारता दिले. एका बाजूने कापलेले.'

नवऱ्याने मागून वाचलं. "संपलं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "अक्षर चांगलं काढलंयस पण."

रविवारी एजंट आधी आला. बगलेत फाईल, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्याने जिन्यातलं तीन पायांचं टेबल पाहिलं होतं आणि त्याबद्दल काही विचारलं नाही. असल्या धंद्यात माणूस शिकतो. मागोमाग मालक आले. उंच, थोडे वाकलेले, हातात कापडी पिशवी. त्यांनी पाणी मागितलं, सासूबाईंची तब्येत विचारली, आणि हॉलच्या मधोमध मोकळ्या जागेकडे बघत राहिले.

तिने बसायच्या आतच कागद त्यांच्या हातात दिला. "काका, तुमच्या यादीवरूनच केलीय. काही फरक आहेत. टेबलाचा आधी वाचा."

मालकांनी चष्मा लावला. वाचलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, पुन्हा वाचलं.

"न विचारता," ते म्हणाले.

"हो. आमच्यातल्या प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने विचारलं. चूक आमची आहे."

"आणि कापलं."

"ते काकूंनी. पण त्यांना आम्ही तुमचंच समजा म्हणालो होतो."

मालक तसेच वळले आणि खाली गेले. एजंट नवऱ्याकडे बघून ओठ न हलवता म्हणाला, "साहेब, एक फोन केला असता तर काही तरी जमवलं असतं." नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं. ती दारात उभी राहिली. खालून मालकांचा आवाज ऐकू येत नव्हता, टेलरकाकूंचा येत होता. "हे बघा, इथून कापलं. लाकूड चांगलं हो. करवतीचे दोन दात गेले." मग बराच वेळ मशीनचा आवाज.

मालक वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. "त्या बाई मला म्हणाल्या, टेबल नेणार असाल तर आधी गणवेश पोचवा." ते भिंतीशी मांडलेल्या एका खुर्चीत धपकन बसले. "तुम्हाला कळत नाहीये मी ही यादी का मागितली. मला तुमच्यावर संशय नव्हता. माझा धाकटा भाऊ. आमची आई गेली, तेव्हापासून तो म्हणतो आईच्या सामानातलं मला काय? मी म्हटलं, बाबा, सगळं त्या घरात आहे, जसंच्या तसं. तो म्हणतो कशावरून? म्हणून म्हटलं भाडेकरूंच्या सहीची यादी दाखवतो, मग तरी तोंड बंद होईल. आणि नेमकं टेबलच तुम्ही..." ते थांबले. "टेबलावरच सगळं अडलंय. आता त्याला काय सांगू? शिंपीणबाईंकडे आहे, कापलेलं?"

"जे आहे ते सांगा," ती म्हणाली, आणि लगेच तिला वाटलं की आपण जरा जास्तच बोललो.

मालकांनी तिच्याकडे असं बघितलं की नवऱ्याने डोळे मिटून घेतले. मग त्यांनी फोन काढला. लावला, कानाला धरला, नीट ऐकू येईना म्हणून आवाज मोठा करून समोर धरला.

"दादा, बोल," पलीकडून आवाज आला. मागे भांडी वाजत होती.

"मी इथे आलोय. घरी. ऐक, ते टेबल आहे ना आईचं... ते थोडं कापलं गेलंय."

"कुठलं टेबल?"

"जेवणाचं. ज्यासाठी तू गेली दोन वर्षं..."

"मी टेबल कधी मागितलं? एवढं धूड ठेवू कुठे, डोक्यावर? मी खुर्च्या म्हणत होतो. आईच्या खुर्च्या. आहेत ना त्या?"

मालकांचं तोंड उघडं राहिलं. "मग तू तेव्हा टेबल-टेबल काय करत होतास?"

"तू करत होतास. मी म्हटलं आईचं जेवणाचं सामान, तू म्हणालास टेबल मिळणार नाही, तिथून भांडण सुरू. खुर्च्या आहेत की त्याही कापल्या?"

"आहेत," मालक म्हणाले. "सहाच्या सहा आहेत. मी सांगतो तुला." आणि त्यांनी फोन बंद केला. त्यांच्या चेहऱ्यावर मोकळं वाटल्याचं हसू येत होतं.

गेले तीन दिवस तिने टेबलाची काळजी केली होती. खुर्च्या तिने बरोबरची खूण करून सोडून दिल्या होत्या. आणि आता मालक स्वतः बसले होते ती धरून भिंतीशी ओळीने मांडलेल्या खुर्च्या नजरेने मोजत होते.

"दोन कुठे आहेत?"

"माळ्यावर," नवरा म्हणाला.

"बरं झालं. टेम्पो सांगतो उद्या. टेबलाचं सोडा मग, ते बघू काय ते. खुर्च्या मी घेऊन जातो, तुम्ही यादीतून त्या ओळी काढून टाका."

"काका, खुर्च्या नाही काढता येणार."

"का? माझ्या आहेत."

"तुमच्याच आहेत. पण..." तिला सांगायला शब्द सापडेना, म्हणून तिने हाताशी होतं ते सांगितलं. "यादीत आहेत. तुम्हीच घातल्यात."

मालक एजंटकडे वळले. एजंटने पेन खिशात ठेवलं, पुन्हा काढलं. "तसं आहे साहेब, यादी जोडली की त्या वस्तू घरासोबत भाड्याने दिल्या असं होतं. करार संपेपर्यंत वापर यांचा. यांच्या संमतीशिवाय मधे काढता येत नाहीत. पण," त्याने तिच्याकडे माफी मागितल्यासारखं पाहिलं, "अजून सह्या झालेल्या नाहीत. सहीआधी काहीही गाळता येतं. आणि सही करायची की नाही, हेही अजून मालकांच्याच हातात आहे."

हे तिलाही माहीत होतं. टेबलाचं ज्यांनी न विचारता परस्पर केलं, त्यांनी खुर्च्यांसाठी कोणत्या तोंडाने अडून बसायचं, हे हॉलमधल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार.

सासूबाई उठल्या. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही. त्यांना खरंच बाथरूमला जायचं होतं. मालक आल्यापासून त्या अवघडून बसल्या होत्या. पहिली पाठ, तळहात. दुसरी. मालक तिसऱ्या खुर्चीत बसलेले होते. हात पाठीवर पडायचा तो त्यांच्या खांद्यावर पडला, आणि सासूबाई जागच्या जागी थबकल्या. बोटं गोंधळली. त्यांनी खांदा पुन्हा चाचपला, मग हात मागे घेतला आणि हवेत धरला, पुढे कुठे टेकायचा ते न कळून.

"मी आहे," मालक म्हणाले. ते चटकन उठले. "बसलो होतो. माफ करा."

सासूबाईंचा हात पाठीला लागला. "हं. आता बरोबर," त्या म्हणाल्या आणि चौथ्या पाठीवरून पुढे गेल्या. दाराची कडी लागली.

मालक उभेच राहिले. ज्या खुर्चीतून उठले तिच्याकडे, मग ओळीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"टेबल खाली गेलं तेव्हापासून," ती म्हणाली. "टेबल लागायचं त्यांना. खुर्च्या त्यांनी धरल्या."

ते कापडी पिशवीचे बंद बोटांना गुंडाळत राहिले. मग टीपॉयपाशी येऊन बसले, या वेळी सोफ्यावर. "त्याला सहा जणांची पंगत नाही घालायची," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "नवरा-बायको दोघंच आहेत. माळ्यावरच्या दोन चालतील त्याला. नाही चालल्या तर माझ्याशी भांडेल. सवय आहे." त्यांनी पेन मागितलं. 'खुर्च्या, सहा' मधला सहा खोडला आणि वर चार लिहिलं.

"दोघांचीही छोटी सही तिथे, खाडाखोडीशेजारी," एजंट घाईने म्हणाला. "दोन्ही प्रतींवर."

मालकांनी केली, तिने केली. मग पेन टेबलाच्या ओळीवर आलं.

"हे फुकट नाही सोडणार मी," ते म्हणाले.

"सोडू नका," ती म्हणाली.

त्यांनी ती ओळ खोडली, पण यादीच्या खाली वेगळं लिहायला लावलं, आणि तिने लिहिलं: मालकांचे सागवानी जेवणाचे टेबल भाडेकरूंनी परस्पर दिले, घर सोडताना त्याच मापाचे, सागवानी, भरून द्यायचे. 'सागवानी' खाली मालकांनी रेघ मारली.

"काका," नवरा हळूच म्हणाला, "जिन्यात एक आहे, ते बघता का?"

"ते बघितलं मी येताना. त्याला टेबल म्हणत असतील तर मला राजा म्हणा."

एजंट पहिल्यांदा हसला. मग त्याने पानं लावली: करार, करारात यादीचा उल्लेख असलेलं कलम, मागे परिशिष्ट म्हणून यादी. प्रत्येक पानाच्या तळाशी दोघांच्या सह्या, शेवटी साक्षीदार. एक साक्षीदार एजंट स्वतः, दुसरा त्याने बरोबर आणला नव्हता, म्हणून तो खालून टेलरकाकूंना घेऊन आला. काकूंनी बोटांवरचा खडू झटकला, टेबलाची खोडलेली ओळ लांबून वाचली, आणि सही करताना म्हणाल्या, "म्हणजे आता ते माझं की यांचं?"

"तुमचं," ती म्हणाली. "आमच्या डोक्यावर, पण तुमचं."

सगळे गेल्यावरही तिला स्वस्थ बसवेना. करार कपाटात ठेवला, पुन्हा काढला, यादी पुन्हा वाचली, चारशेजारच्या दोन छोट्या सह्या पाहिल्या. नवरा माळ्यावर चढून उरलेल्या दोन खुर्च्या खाली काढत होता, आणि धुळीने शिंकत होता.

मालक उठताना तिसरी खुर्ची किंचित पुढे सरकली होती. कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ती वाकली, पाठ भिंतीला टेकवली, मग डोळे मिटून स्वतः चालून पाहिलं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. चौकट.

"झालं का गं?" आतून सासूबाई म्हणाल्या. "मला पाणी दे. भांडंभर."